शुक्रवार पाचपर्यंतचा नकार

मसुदा पहिला.

आदरणीय लतिका मॅडम, आपण मला संधी दिलीत याबद्दल मी आपली जन्मभर ऋणी

इथवर लिहून मनस्वीने 'जन्मभर' खोडलं. मग 'ऋणी' खोडलं. मग आख्खी ओळच खोडली. जन्मभराचं ऋण मानायचं आणि पुढच्या ओळीत येत नाही म्हणायचं, हे तिचं तिलाच पटेना. मेल शेवटी इंग्रजीतच जाणार होती. पण इंग्रजीत ती खोटं पटकन बोलून जायची, म्हणून आधी मराठीत, वहीच्या मागच्या पानावर.

आता गोष्ट अशी होती. पेणच्या एका छोट्या पाणी-तपासणी प्रयोगशाळेत मनस्वी घरत तीन वर्षं काम करत होती. गडबहून जाऊन-येऊन. यंदा तिने दोन ठिकाणी मुलाखती दिल्या. एक रोह्याला, धाटावच्या एमआयडीसीत, औषधाच्या कच्च्या मालाची मोठी कंपनी. तिथे क्यूसीत, म्हणजे तयार मालाची तपासणी करणाऱ्या विभागात, शिफ्टची नोकरी. दुसरी रसायनीला. कंपनी लहान, पगार थोडा कमी, पण काम तपासणीच्या नव्या पद्धती बसवण्याचं. रोह्यात तयार पद्धतीने नमुने तपासायचे होते, रसायनीत पद्धतच तयार करायला शिकायचं होतं. मनस्वीला शिकायचं होतं.

दोन्हीकडून पत्रं आली. तिने शहाणपणाने आधी रसायनीचं पत्र नीट वाचलं, सही करून पाठवलं, त्यांची पोच हातात येईपर्यंत रोह्याला काहीच कळवलं नाही. इथपर्यंत सगळं बरोबर. पोच आली मंगळवारी संध्याकाळी. रोह्याच्या पत्रावर उत्तराची मुदत होती शुक्रवार, संध्याकाळी पाच.

बुधवारी रोह्याच्या एचआरमधून ध्रुव नावाच्या मुलाचा फोन आला. तिने उचलला नाही. दुपारी परत आला. नाही उचलला. गुरुवारी दोनदा. तिसऱ्यांदा मेसेज आला: "मॅडम, आपला निर्णय कळवाल का?" तिने तो उघडलासुद्धा नाही, उघडला तर निळ्या खुणा दिसतील.

मुलाखतीत लतिका चित्रे मॅडमनी तिला सव्वा तास बसवलं होतं. क्यूसीच्या त्या प्रमुख. चष्म्यावरून बघत एक प्रश्न विचारला होता, "नमुना दोनदा फेल झाला, तिसऱ्यांदा पास झाला. काय लिहिशील?" मनस्वी म्हणाली होती, "तिन्ही लिहीन." मॅडम हसल्या नव्हत्या, पण पेन खाली ठेवलं होतं. उठता उठता म्हणाल्या होत्या, "दोनेक वर्षांत आमचा संशोधनाचा ब्लॉक उभा राहील. तेव्हा अशी माणसं लागतील."

तो ब्लॉक मनस्वीच्या डोक्यात घर करून बसला होता. रसायनीत दोन-तीन वर्षं शिकायचं आणि मग त्या ब्लॉकच्या दारात उभं राहायचं, असा तिचा सगळा हिशेब. आणि त्या दाराची किल्ली ज्यांच्या हातात, त्यांनाच आता नाही म्हणायचं.

*

धाटावात नाही कसं म्हणतात?

म्हणत नाहीत. प्रयोगशाळेतल्या नमिताने सांगितलं. नमिता तिच्या शेजारच्या टेबलावर बसायची, नागोठण्याहून यायची, तोंडाने फटकळ.

"अगं, फोन बंद ठेवायचा. जॉइनिंगच्या दिवशी गेलं नाय की त्यांना आपोआप कळतं. माझ्या चुलतभावाने तीन कंपन्यांना असंच केलंय."

"आणि चौथ्यांदा?"

"चौथ्यांदा त्यातल्याच एका कंपनीत मुलाखत होती. गेटवरनंच परत आला." नमिता फिदीफिदी हसली. "नायतर सांग लग्न ठरलं. लग्नावर कोणी प्रश्न नाय विचारत."

*

मसुदा दुसरा.

माझं लग्न ठरलं असून सासर

खोडलं. पेण ते रोहा किती अंतर? लतिका मॅडमना महिन्याभरात कळलं असतं की ही पोरगी गळ्यात रसायनीचं ओळखपत्र घालून एसटीला उभी असते. आणि 'तिन्ही लिहीन' म्हणणारीने पहिल्याच निकालात खोटं लिहायचं?

मसुदा तिसरा.

मला माझ्या पात्रतेला अधिक न्याय देणारी संधी

शी. आपणच आपल्या हाताने स्वतःला मखरात बसवायचं, तसं झालं हे. खोडलं. कागदाला भोक पडलं.

*

शुक्रवार उजाडला. मनस्वी कामावर आली, पाण्याच्या बाटल्यांच्या नोंदी केल्या, साडेनऊला ठरवलं की अकरा वाजता फोन करायचा. फोनच करायचा, मेल नंतर. आपल्या आवाजात सांगायचं आणि मग लेखी द्यायचं, ही रीत तिला माहीत होती. पण अकराला मॅडम मीटिंगमध्ये असतील. मग साडेअकराला. पण साडेअकराला जेवणाआधीची घाई. मग

दहा वाजून दहा मिनिटांनी आईचा फोन आला.

"मनू, कामात हायस का गो?"

"बोल ना."

"नाय, म्हटलं, बाबा पोचलं का रोह्याला, कोणाच्या फोनवरनं तुला काय कळवलं काय त्यांनी?"

मनस्वीच्या हातातली पिपेट थांबली. "बाबा रोह्याला कशाला?"

पुतळीबाई दबक्या आवाजात, "जिताडा घेऊन गेलंत."

हे नीट समजून घ्यायला हवं. खाडीलगतच्या गावांमध्ये तळ्यात वाढवलेला जिताडा बाजारात विकतात, घरी खातात, पण चांगला चार किलोचा मासा निघाला की घरातला बाप्या पहिल्यांदा विचार करतो, हा कोणाला न्यायचा? तलाठ्याला, डॉक्टरला, पोराला कॉलेजात घेणाऱ्या मास्तरला. कोणी त्याला लाच म्हणत नाही. काम झाल्यावर रिकाम्या हाताने राहायचं नाही, एवढंच. मनस्वीच्या आजोबांनी चित्र्यांच्या घरी असेच मासे नेलेले. त्या काळी गडबची पाच एकर खारजमीन चित्र्यांची, आणि घरत त्यांची कुळं. पुढे कायद्याने जमीन कुळांची झाली, जाणंयेणं संपलं. आता साठ वर्षांनी चित्र्यांच्या लेकीने घरतांच्या नातीला नोकरीचं पत्र दिलं, तेव्हा हिरामण घरत यांच्या मनात तळं ढवळलं नसतं तरच नवल.

"आई, तुला मी मंगळवारी सांगितलं होतं ना, मी रोह्याला जात नाय म्हणून?"

"सांगितलंस. पण त्यांना कोण सांगणार? गावभर झालंय, चित्र्यांच्या कंपनीत आमची पोर. मला वाटलं तू सांगशील."

"मला वाटलं तू सांगशील!"

मनस्वीने पिपेट स्टँडला लावली.

"सखाच्या रिक्षातून स्टँडवर गेलं," पुतळीबाई म्हणाली. "बरफ घातलाय चांगला. थर्माकोलच्या खोक्यात. वरनं तुझं नाव लिहिलंय."

"माझं नाव?"

"मंग कोणाचा मासा ते कळाया नको?"

*

पेणहून रोह्याची एसटी नागोठण्यावरून जाते. मनस्वीने अर्ध्या दिवसाची रजा टाकली, नमिताला दोन वाक्यांत सगळं सांगितलं आणि निघाली. निघताना मात्र एक गोष्ट विचारून घेतली.

"नमी, शिफ्टची नोकरी मिळाली रोह्याला तर तू जाशील? खरं सांग."

"मी? मला तर नागोठण्याहून तेच जवळ. पण मला कोण विचारतंय."

"तुझं नाव सांगू का? नाय म्हणालीस तर नाय सांगणार."

नमिता पहिल्यांदाच न हसता म्हणाली, "सांग."

गाडीत खिडकीकडेला जागा मिळाली, पण बाहेर काय गेलं ते मनस्वीला दिसलं नाही. बाबांना फोन लावला. बाबांचा फोन नेहमीप्रमाणे घरी चार्जिंगला. डोक्यात वाक्यं फिरत होती, सगळी मॅडमच्या आवाजात. आधी मासा, मग नकार. मासा देऊन नकार. नकार पचावा म्हणून मासा. कसंही फिरवलं तरी ते कुजकाच वास मारत होतं. कासूपाशी तिला वाटलं, बाबांना मॅडमचं घर सापडणारच नाही. नागोठण्याला वाटलं, सापडेल. बाबांना काहीही सापडतं. रोहा जवळ आलं तेव्हा ती आधीच उठून दाराशी जाऊन उभी राहिली.

हिरामण घरत रोह्याच्या स्टँडवर बाकावर बसले होते. पांढरा सदरा, इस्त्रीचा. हात रिकामे.

लेकीला बघून ते उठलेच. "अगो! तू कशाला आलीस? आज कामाला नाय?"

"खोका कुठंय, बाबा?"

"दिला." चेहरा उजळला. "घर काय मला गावलं नाय. म्हटलं, कंपनी तर हाय ना. धाटावला गेलो. गेटवर शिपाई होता, म्हटला काय हाय? म्हटलं चित्रे बाईंचा हाय, आतमंदी पोचता करा. त्याने वहीत लिहून घेतलं. लई शिस्त हाय गो तुझ्या कंपनीत."

मनस्वी बाकावर बसली. बापाचा हात धरून त्यांनाही बसवलं. आणि जे मंगळवारी सांगायचं ते शुक्रवारी साडेबाराला, रोह्याच्या एसटी स्टँडवर सांगितलं. रसायनी. सही. पोच. शिकायचं आहे. इथे नाही यायचं, आत्ता नाही.

हिरामण ऐकत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत. त्यांनी सदऱ्याच्या बाहीवरचा खवला नखाने काढला.

"मंग मासा?" ते म्हणाले.

"तेच ना."

"परत मागाचा?"

"बाबा!"

"नाय, मी आपला इचारतो. नोकरी नाय घ्यायची तर मासा कोन्च्या नावाने ऱ्हाणार तिथं?" मग, "मला आधी सांगायचं होतंस, मनू. मी बाजारात तरी दिला असता. तोंड खाली घालाया लावलंस ना आपल्या दोघांना."

ते खरंच होतं. तिने कोणालाच काही सांगितलं नव्हतं. बापाला नाही, ध्रुवला नाही, मॅडमला नाही. कोणी दुखावू नये म्हणून गप्प राहिली, आणि तिच्या गप्प बसण्यातून जो तो आपापल्या सोयीचा अर्थ घेऊन चालू पडला होता.

"चला," ती उठली. "तुम्ही बाहेर चहा घ्या. आत मी जाते."

*

गेटवर तिने नाव सांगितलं. पहारेकऱ्याने वही पुढे सरकवली, आणि वरून तिसऱ्या ओळीत मनस्वीला दिसलं:

आवक. थर्माकोल खोका १. बर्फासह. 'मनस्वी घरत'. क्यूसी विभाग.

"हे..." ती म्हणाली, "हा खोका आता कुठे आहे?"

"क्यूसीला पाठवला ना. सॅम्पल ना तो?" पहारेकरी म्हणाला. "बर्फातले खोके सगळे सॅम्पलच असतात आमच्याकडे. मी बाबांना विचारलं, आत काय आहे? ते म्हणाले, एक नंबर माल आहे."

मनस्वीने सही केली. वेळेच्या रकान्यात एक वाजून पाच मिनिटं लिहिलं.

रिसेप्शनच्या काचेमागे दहा मिनिटं. या दहा मिनिटांत चौथा मसुदा झाला आणि मोडला. पाचवा नुसत्या 'मॅडम'वर थांबला. एक मुलगी ट्रे घेऊन गेली, तिच्याकडे बघून ओठ दाबून हसली. म्हणजे सगळ्यांना कळलं आहे.

लतिका चित्रे आल्या. पांढरा ॲप्रन, पायात प्रयोगशाळेच्या चपला. पन्नाशीच्या. बसल्या नाहीत.

"तू मनस्वी. ये." रिसेप्शनशेजारच्या छोट्या खोलीत नेलं, दार लावलं. "तुझा नमुना आमच्या नमुन्यांच्या टेबलावर सव्वा तास होता. माझ्या माणसाने त्याला नंबरही दिला. मग उघडला."

"मॅडम, मला माहीत नव्हतं. बाबांनी..."

"बाबांनी आणला हे गेटवरून कळलं. मी त्यांना थांबवायला माणूस पाठवला, तोवर ते गेले होते." मॅडमचा आवाज वाढला नव्हता, आणि तेच भीतीदायक होतं. "हे बघ, आमच्याकडे उमेदवाराकडून काहीही घ्यायचं नाही असा नियम आहे. मी एचआरला लेखी कळवलंय. मुलाखत घेणारी मी, निवडणारी मी, आणि माझ्याच टेबलावर मासा. तेव्हापासून आख्खा विभाग मजा बघतोय. तू इथे आली असतीस ना, तर वर्षभर तुला कोणी मनस्वी म्हटलं नसतं. जिताडा म्हणाले असते."

'असतीस.' मनस्वीला शब्द लागला. त्यांनी आधीच ठरवलं होतं की काय? आता नाही म्हणायची गरजच नाही? गप्प बसलं तर ऑफर आपोआप जाईल आणि सगळं माशावर ढकलता येईल. बाप अडाणी, पोरीचा दोष नाही. केवढी सोपी वाट. दोन सेकंद ती त्या वाटेच्या तोंडाशी उभी राहिली.

"मॅडम, मी येणार नव्हतेच," ती म्हणाली. "माशामुळे नाही. मी रसायनीची नोकरी घेतलीये. मंगळवारी पक्की झाली. तिथे पद्धती बसवायचं काम शिकायला मिळणार आहे, मला ते येत नाही आणि मला ते यायला हवंय. बाबांना मी सांगितलं नव्हतं, म्हणून ते आभार मानायला आले. चूक माझी आहे."

लतिका मॅडम आता बसल्या. टेबलावर बोटं ठेवली.

"मंगळवारी."

"हो."

"आज शुक्रवार."

"हो, मॅडम."

"ध्रुवने चार वेळा फोन केला."

मनस्वीला वाटलं होतं, भांडण माशावरून होईल. तिने माशाचीच तयारी केली होती.

"मासा मी समजू शकते," मॅडम म्हणाल्या. "आमच्या आजोबांच्या पडवीत असे मासे उतरायचे, मी ऐकलंय. तेव्हा कोणी नियम लिहून ठेवला नव्हता आणि घरात ते चाटूनपुसून खायचे. आज मला त्याचं फार कौतुक वाटत नाही, पण समजतं. फोन न उचलणं समजत नाही. तुझ्यामागे यादीत दुसरा मुलगा आहे. महाडचा. त्याला दुसरीकडून पत्र आलंय, त्यांना आज उत्तर द्यायचंय. तो रोज ध्रुवला विचारतो, माझं काय? आणि ध्रुव सांगतो, थांब, पहिलीचं उत्तर नाही आलं. तुला बुधवारी एक वाक्य बोलायचं होतं. 'येत नाही.' त्याचा जीव भांड्यात पडला असता."

मनस्वीच्या डोळ्यांसमोर तो महाडचा मुलगा आला. नाव नाही, तोंड नाही, नुसता हातात फोन. आपण ज्यांना दुखवायला घाबरत होतो त्यात हा नव्हताच.

"मी घाबरले," ती म्हणाली. "तुमच्याकडे परत यायचंय मला. तुमचा संशोधनाचा ब्लॉक होईल तेव्हा. म्हणून नाही कसं म्हणावं तेच कळेना. वाटलं, नीट वाक्य सापडलं की सांगू. सहा वेळा लिहिलं. आणि लिहीपर्यंत तीन दिवस गेले."

"सहा?"

"पाच. सहावं मनातच आहे."

मॅडम हसल्या नाहीत. पण खुर्चीत थोड्या मागे टेकल्या.

"मग आता त्या सहाव्यात काय आहे?"

मनस्वीने बोटं मोजायला घेतली. "आभार. तुम्ही सव्वा तास दिलात, आणि तिसऱ्या निकालाचा प्रश्न विचारलात, त्याचे. मग, मी येऊ शकत नाही. मग कारण, एक ओळ. उत्तराला उशीर केला त्याची माफी, ध्रुवची आणि त्या मुलाचीही. आणि..." ती अडखळली. "माझ्याबरोबर नमिता काम करते, तिला शिफ्टचं काम हवंय, नागोठण्याला राहते. तिला विचारलंय मी. महाडचा मुलगा आला नाही तर."

"आला नाही तर," मॅडमनी ठासून म्हटलं. "आणि तिला आमच्या नेहमीच्या वाटेने अर्ज करायला सांग. माझ्या नावाने नको. तुझ्याही नको. आणि त्या पत्रात पुढच्या नोकरीची भाषा फार नको. एक ओळ पुरे. आज नाही म्हणताना उद्याचं आरक्षण कोणी मागत नाही."

"हो."

"ब्लॉकचं सांगते. होईल तेव्हा जाहिरात येईल. मी तेव्हा इथे असेन की नाही, कोणास ठाऊक. वचन नाही देत मी." त्या उठल्या. "दोन वाजता ध्रुव त्या मुलाला फोन करायला बसेल. लेखी आल्याशिवाय तो करू शकत नाही. मुदत पाचची असली तरी पाचपर्यंत थांबू नकोस."

घड्याळात एक बत्तीस झाले होते.

"आणि खोका बाहेर न्यायला माझी सही लागेल," दारातून त्या म्हणाल्या. "आत आलेला माल पासाशिवाय गेटबाहेर जात नाही."

*

मसुदा सहावा. रिसेप्शनच्या सोफ्यावर, फोनवर, अंगठ्याने, इंग्रजीत. नऊ ओळी. 'जन्मभर' नाही, 'पात्रता' नाही, लग्न नाही. ब्लॉकबद्दल एक ओळ: आपल्याकडे संशोधनाच्या जागा निघतील तेव्हा मी जरूर अर्ज करीन. पाठवायच्या आधी तिने ध्रुवला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला त्याने.

"मी मनस्वी घरत. मी येत नाहीये. लेखी आत्ता पाठवते. तुम्हाला तीन दिवस ताटकळत ठेवलं, सॉरी."

ध्रुव म्हणाला, "मॅडम, खरं सांगू का, बरं वाटलं. या महिन्यात मला फोनवर नाही म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

एक अठ्ठेचाळीसला मेल गेली. ध्रुव आणि लतिका चित्रे, दोघांना.

गेटवर पहारेकऱ्याने पास निरखून पाहिला. मालाचं वर्णन: मासा, नग एक. कारण: परत. त्याने तिच्याकडे पाहिलं, पासाकडे पाहिलं. "फेल झाला का सॅम्पल?"

"हो," मनस्वी म्हणाली, आणि का कोण जाणे, हसू फुटलं. ते हसू दोन पावलांवरच विरलं.

*

टपरीशेजारी हिरामण उभे होते. चहा प्यायले नव्हते. पोरगी खोका उचलून येताना बघून ते पुढे धावले आणि खोका काढून घेतला, जणू तिनेच कुठून तरी लांबून आणला होता.

"रागावली?"

"हो."

"माशावरनं?"

"नाही. मी फोन नाही उचलला त्यावरनं."

हिरामण म्हणाले, "मंग ते तर कोनीही रागावंल." आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच, "मी पन रागावलोच की."

परतीच्या एसटीत खोका पायाशी. मनस्वी दर मिनिटाला फोन बघत होती. ध्रुवची पोच आली होती: आपलं पत्र मिळालं, फाईल बंद करत आहोत, शुभेच्छा. छापील भाषा. फाईल बंद. तिला तो शब्द सलत राहिला. मॅडमकडून काहीच नाही. अडीच. पावणेतीन. पत्रात काही जास्त झालं का? ती ब्लॉकची ओळ काढायला हवी होती का? त्यांनीच एक ओळ चालेल म्हटलं होतं, पण म्हणणं वेगळं आणि वाचणं वेगळं. तिने पाठवलेली मेल पुन्हा उघडून वाचली. तिसऱ्या ओळीत एक स्वल्पविराम नको होता. आता काय करणार.

नागोठण्याला गाडी थांबली. एक बाई पाटी घेऊन चढली, खोक्यावरून पाय टाकून गेली. फोन थरथरला.

लतिका चित्रे. चार वाक्यं, मराठीत, रोमन अक्षरांत: महाडच्या मुलाने होकार दिला. तुझं पत्र ठीक होतं. उशीर मी विसरणार नाही, पण पत्रही विसरणार नाही. रसायनीत काय शिकतेस ते अधूनमधून कळव.

मनस्वीने ते तीनदा वाचलं. पहिल्या दोन वेळा 'उशीर विसरणार नाही' एवढंच दिसलं. तिसऱ्यांदा शेवटचं वाक्य दिसलं.

"काय म्हणते?" हिरामणनी विचारलं.

"कळव म्हणतात. काय शिकतेस ते."

"मंग कळव की. आत्ताच कळव, लगेच. परत उशीर नको."

अंगठा अक्षरांवर गेला. 'नक्की मॅडम, खूप खूप'... आणि थांबला. हे पुन्हा तेच होत होतं. आधी वाक्य, मग माणूस.

"आत्ता फक्त 'मिळालं, कळवीन' लिहिते," ती म्हणाली. "बाकीचं, कळवण्यासारखं काही हाती आलं की. एक तारखेला तर जायचंय अजून."

तिने तेवढंच लिहिलं आणि पाठवलं. मग फोन उलटा करून मांडीवर ठेवला. ठेवला, आणि लगेच सरळ करून पाहिला. मॅडमनी वाचलं होतं. पुढे काही आलं नाही. यायचं कारणही नव्हतं. एक तारखेला अकरा दिवस होते, आणि रसायनीत पहिल्या दिवशी काय विचारतील ते तिला माहीत नव्हतं. तिने वही काढली, मागची भोक पडलेली पानं उलटली आणि एका कोऱ्या पानावर तारीख घालून, पुढे काय लिहायचं ते अजून न कळता, पेन टेकवून बसली.